हजार कोटी व्ह्यूज, कमेंट एकही नाही

दक्षिण कोरियाच्या ‘पिंकफाँग’चा ‘बेबी शार्क डान्स’ हा जेमतेम सव्वादोन मिनिटांचा व्हिडिओ जून २०१६मध्ये यूट्यूबवर आला. नोव्हेंबर २०२०मध्ये त्याने ‘देस्पासितो’ या गाण्याला मागे टाकून सर्वाधिक पाहिलेल्या व्हिडिओचा मान पटकावला आणि जानेवारी २०२२मध्ये एक हजार कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला. ‘देस्पासितो’खाली आजही लाखो कमेंट वाचायला मिळतात. ‘बेबी शार्क’खाली मात्र एवढीच ओळ दिसते: Comments are turned off.

नातवंडांसाठी गाणी जमवून ठेवणाऱ्या आजी-आजोबांना आणि अंगणवाडीच्या ताईंना हा अनुभव वेगळ्या बाजूने येतो. बडबडगीत आवडते, ते आपल्या प्लेलिस्टमध्ये टाकायला जावे, तर Save हे बटण फिकट पडलेले असते. दाबलेच, तर सूचना येते: This action is turned off for content made for kids. फोन बिघडलेला नसतो, इंटरनेटही ठीक असते. त्या व्हिडिओवर Made for kids, म्हणजे ‘मुलांसाठी बनवलेला’ असा शिक्का बसलेला असतो आणि त्या शिक्क्यापाठोपाठ यूट्यूबच्या बऱ्याच सोयी एकदम बंद होतात.

हा शिक्का आला तो अमेरिकेतल्या एका कायद्यामुळे. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचे रक्षण करणारा, ‘कोपा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे १९९८मध्ये संमत झाला. तेरा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती गोळा करण्याआधी पालकांची संमती घ्या, असे तो सांगतो. वैयक्तिक माहिती म्हणजे फक्त नाव-पत्ता नव्हे. २०१३च्या सुधारणेनंतर ब्राउझरमधल्या ‘कुकी’सारखी, एकच माणूस पुन्हा पुन्हा ओळखू येईल अशी खूणही त्यात धरली जाऊ लागली. आणि नेमक्या अशा खुणांवरच तर ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे जाहिराती दाखवण्याचा धंदा चालतो.

‘आमची सेवा तेरा वर्षांखालच्यांसाठी नाहीच,’ असे यूट्यूब म्हणत असे. पण खेळणी बनवणाऱ्या मॅटेल आणि हॅस्ब्रो या कंपन्यांपुढे जाहिरातींसाठी जाताना, लहान मुलांपर्यंत पोहोचण्यात आपणच आघाडीवर असल्याचे तीच कंपनी सांगत होती. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल यांनी ही विसंगती तक्रारीत मांडली. ४ सप्टेंबर २०१९ रोजी तडजोड जाहीर झाली. गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर दंड भरावा आणि कोणता व्हिडिओ मुलांसाठी आहे हे चॅनल चालवणाऱ्यांना सांगता येईल अशी व्यवस्था उभारावी, असे ठरले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात प्रत्येक चॅनलला हा प्रश्न विचारला जाऊ लागला. ६ जानेवारी २०२०पासून उत्तराचे परिणाम लागू झाले, तेही फक्त अमेरिकेत नव्हे, तर जगभर.

साठीतल्या आजोबांनाही Save का दाबता येत नाही, याचे उत्तर तेव्हाच्या एका निर्णयात आहे. मुलांसाठीचा व्हिडिओ जो कोणी पाहील, त्याचे वय काहीही असो, त्याच्याकडून येणारी माहिती मुलाचीच समजायची, असे यूट्यूबने ठरवले. घरातला फोन आईच्या खात्यावर सुरू असतो आणि पडद्यापुढे बसलेले असते तीन वर्षांचे पोर. खात्यावरचे वय पाहून काहीच कळत नाही. म्हणून पाहणाऱ्यापेक्षा व्हिडिओच कसा आहे, हे पाहिले जाते.

बंद होणाऱ्या सोयींची यादी त्यामुळे समजायला सोपी जाते. पहिल्या गटात आहेत लिहिण्या-बोलण्याच्या सोयी: कमेंट आणि थेट प्रक्षेपणातले लाइव्ह चॅट. मूल तिथे स्वतःचे नाव, शाळा, गाव लिहून बसेल, ही त्यामागची काळजी. दुसऱ्या गटात पाहणाऱ्याच्या खात्याशी नाते जोडणाऱ्या गोष्टी येतात: प्लेलिस्टमध्ये साठवणे, ‘वॉच लेटर’ यादीत ठेवणे आणि नव्या व्हिडिओची वर्दी देणारी घंटा. तिसरा गट पैशांचा. चॅनलचे सशुल्क सदस्यत्व, ‘सुपर चॅट’, ‘सुपर स्टिकर’, देणगीचे बटण, वस्तू आणि तिकिटांची विक्री हे सगळे थांबते. आवडीनुसार नेमून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही थांबतात. शिवाय व्हिडिओवर अधूनमधून उगवणारी कार्डे, शेवटी येणाऱ्या ‘हेही पाहा’ छापाच्या चौकटी आणि कोपऱ्यातले चॅनलचे चिन्ह दिसत नाही. अख्खे चॅनलच मुलांसाठीचे म्हणून नोंदवलेले असेल, तर त्या चॅनलला प्रेक्षकांसाठी पोस्टही टाकता येत नाहीत.

काय बंद होत नाही, हेही नीट पाहायला हवे. व्हिडिओ शोधता येतो, पाहता येतो, त्याला लाइक देता येते, लिंक दुसऱ्याला पाठवता येते. चॅनल सबस्क्राइब करता येते. जाहिरातीही येतातच. फरक इतकाच, की त्या पाहणाऱ्याच्या सवयींवर बेतलेल्या नसतात, समोर चाललेल्या व्हिडिओच्या विषयावर बेतलेल्या असतात. डायनासोरच्या गोष्टीत जाहिरात आली, म्हणजे शिक्का नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग शिक्का आहे की नाही, हे प्रेक्षकाने ओळखायचे कसे? व्हिडिओच्या नावाशेजारी तशी पाटी लावलेली नसते, त्यामुळे खुणांवरून अंदाज बांधावा लागतो.

कमेंट बंद असणे ही सगळ्यात ठळक खूण, पण ती एकटी पुरेशी नाही. कोणताही निर्माता आपल्या मर्जीने कमेंट बंद करू शकतो आणि तेव्हाही पडद्यावर तीच ओळ उमटते. राजकीय भाषणाखाली किंवा एखाद्या वादग्रस्त मुलाखतीखाली ती दिसली, तर मुलांशी तिचा काही संबंध नसतो. म्हणून दुसरी खूण तपासावी: Save दाबून पाहावे. निर्मात्याने फक्त कमेंट बंद केल्या असतील, तर व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये सहज जातो. शिक्का असेल, तर वर दिलेली इंग्रजी सूचना येते आणि तीत made for kids हे शब्द स्पष्ट असतात. तिसरी खूण म्हणजे व्हिडिओखाली येणारी Try YouTube Kids अशी पट्टी. यूट्यूब मुलांसाठीच्या आपल्या वेगळ्या ॲपकडे तिथून बोट दाखवते. कमेंट बंद आणि Save अडलेले, या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

ज्यांना खात्रीच हवी आहे, त्यांच्यासाठी पक्का मार्गही आहे. यूट्यूबने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक खिडकी ठेवली आहे, तिचे नाव YouTube Data API v3. गूगल क्लाउडच्या संकेतस्थळावर एक प्रोजेक्ट उघडायचा, ही सेवा त्यात सुरू करायची आणि एक किल्ली, म्हणजे API key, तयार करून घ्यायची. नेहमीच्या वापराला पैसे पडत नाहीत. मग व्हिडिओच्या पत्त्यातली ११ अक्षरांची ओळख घ्यायची. ‘बेबी शार्क डान्स’ची ओळख XqZsoesa55w अशी आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी हे लिहायचे आणि शेवटी आपली किल्ली घालायची:

```
https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=status&id=XqZsoesa55w&key=API_KEY
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यातली आपल्या कामाची ओळ अशी असते:

```
"madeForKids": true
```

true म्हणजे शिक्का आहे, false म्हणजे नाही. ‘देस्पासितो’ची ओळख, kJQP7kiw5Fk, त्याच जागी घातली की false येते. उत्तरात items ही यादीच रिकामी आली, तर ओळख टिपताना अक्षर चुकले आहे किंवा तो व्हिडिओ काढून टाकलेला अथवा खासगी केलेला आहे, असे समजावे. स्वल्पविराम देऊन एका वेळी ५० ओळखी विचारता येतात. एका फेरीला एक एकक खर्च होते आणि दिवसाला १०,००० एककांची मुभा असते. शाळेसाठी गाण्यांची यादी करणाऱ्या शिक्षकाला एका फटक्यात सगळी यादी तपासून घेता येते.

इथे एक फसवी वाटही आहे. यूट्यूबच्या पानाचा मूळ मजकूर उघडून पाहणाऱ्यांना त्यात isFamilyFriendly अशी नोंद सापडते आणि तिच्यापुढे true लिहिलेले असते. अनेकांना तोच हा शिक्का वाटतो. तो तसा नाही. ती नोंद व्हिडिओ कुटुंबासोबत पाहण्याजोगा आहे का, यापुरती आहे आणि पाककृती, क्रिकेट, बातम्या अशा असंख्य व्हिडिओंवर ती true असते. मुलांनी पाहिला तर हरकत नाही, अशा व्हिडिओत आणि मुलांसाठीच केलेल्या व्हिडिओत कायदा फरक करतो, आणि शिक्का फक्त दुसऱ्या प्रकारावर बसतो.

शिक्का मारतो कोण? आधी व्हिडिओ चढवणारा. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ टाकताना Audience या मथळ्याखाली प्रश्न येतो आणि Yes, it's made for kids किंवा No, it's not made for kids यांतले एक निवडावेच लागते. दर वेळी हे करायचे नसेल, तर Settings मधल्या Channel या भागात, Advanced settings खाली, अख्ख्या चॅनलसाठी एकच उत्तर ठरवून टाकता येते. त्यानंतर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा व्हिडिओ तपासते आणि उत्तर चुकल्याचे तिला वाटले, तर स्वतःच शिक्का बसवते. स्टुडिओतल्या यादीत तेव्हा Made for kids सोबत set by YouTube असे लिहून येते. तो शिक्का निर्मात्याला स्वतः काढता येत नाही, फक्त दाद मागता येते. प्रेक्षकाला मात्र शिक्का कोणी मारला हे कुठूनच कळत नाही. निर्मात्याने स्वतः दिलेले उत्तर selfDeclaredMadeForKids या नावाने साठवलेले असते, पण ते फक्त व्हिडिओच्या मालकालाच दिसते.

अख्ख्या चॅनलला एकच उत्तर देण्याची सोय किती महागात पडू शकते, हे डिस्नेच्या प्रकरणात दिसले. डिस्ने आपल्या अनेक चॅनलांवर चॅनलपातळीचेच उत्तर लावत असे. त्यामुळे ‘मुलांसाठी नाही’ असे ठरवलेल्या चॅनलवर लहान मुलांचा व्हिडिओ गेला, तर त्यालाही तेच उत्तर आपोआप चिकटत होते. जून २०२०मध्ये यूट्यूबने डिस्नेला कळवले, की तुमच्या ३००हून अधिक व्हिडिओंचे उत्तर आम्ही बदलून ‘मुलांसाठी’ असे केले आहे. त्यात ‘द इन्क्रेडिबल्स’, ‘कोको’, ‘टॉय स्टोरी’, ‘टँगल्ड’, ‘फ्रोझन’ यांमधले व्हिडिओ होते आणि मिकी माउसचेही होते. एवढे होऊनही डिस्नेने आपली पद्धत बदलली नाही, असा फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. शिक्का नसल्यामुळे त्या व्हिडिओंवर मुलांची माहिती गोळा होत राहिली, त्यांच्यावर नेमून जाहिराती दाखवल्या गेल्या आणि व्हिडिओ संपल्यावर मुलांसाठी नसलेले व्हिडिओही आपोआप सुरू होऊ शकत होते. सप्टेंबर २०२५मध्ये एक कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवायला डिस्ने तयार झाली. या तडजोडीने डिस्नेवर व्हिडिओंचा आढावा घेण्याची पद्धत बसवण्याचे बंधनही आले.

यातला शहाणपणाचा भाग छोट्या चॅनललाही लागू पडतो. समजा, सांगली जिल्ह्यातली एक बालवाडी आपले चॅनल चालवते आणि तिला तीन व्हिडिओ टाकायचे आहेत. पहिल्यात बाई टाळ्या वाजवत चार वर्षांच्या मुलांना अंक शिकवत आहेत. दुसरे आहे स्नेहसंमेलनाचे थेट प्रक्षेपण. तिसऱ्यात डब्यात काय द्यावे, यावर आहारतज्ज्ञ पालकांशी बोलत आहेत.

तिन्हींत मुले किंवा मुलांचा विषय आहे, पण उत्तरे सारखी येत नाहीत. अमेरिकी नियम व्हिडिओचा विषय, चित्रे, संगीत, भाषा, कार्टूनची पात्रे, मुलांचे खेळ, मुलांना भावणारे कलाकार आणि प्रत्यक्ष प्रेक्षक कोण आहेत, अशा बाबी एकत्र तोलून पाहायला सांगतो. यातली एखादी बाब आढळली म्हणून शिक्का लागत नाही. नुसते भडक रंग किंवा कार्टून असले म्हणून व्हिडिओ मुलांसाठीचा ठरत नाही, असे खुद्द फेडरल ट्रेड कमिशनने २०१९मध्ये स्पष्ट केले होते.

पहिला व्हिडिओ बाई मुलांशी बोलत आहेत, मुलांच्या भाषेत आणि मुलांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून केलेला आहे. त्याला ‘होय’. आहारतज्ज्ञांचा व्हिडिओ मुलांविषयी असला, तरी पाहणारे पालक आहेत. त्याला ‘नाही’. स्नेहसंमेलनाचे विचारपूर्वक ठरवावे लागते. रंगमंचावर मुले आहेत, पण प्रक्षेपण आहे ते कामावर असलेल्या बाबांसाठी आणि परगावच्या मावशी-काकांसाठी. मुले दिसतात म्हणून व्हिडिओ मुलांसाठीचा होत नाही, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर इथे टिकते आणि लाइव्ह चॅट सुरू राहून मावशीला शाबासकी लिहिता येते. मात्र तेच कार्यक्रम नंतर गाण्यागाण्याने कापून, कार्टूनची चित्रे जोडून बालगीते म्हणून टाकले, तर ते मुलांसाठीचे होतात. बालवाडीने चॅनलभर ‘होय’ लावले असते, तर चॅट गेले असते. चॅनलभर ‘नाही’ लावले असते, तर पहिला व्हिडिओ चुकीचा नोंदला गेला असता.

अमेरिकेतल्या मराठी शाळा आपल्या मुलांसाठी बडबडगीतांचे व्हिडिओ करतात, तेव्हा हा प्रश्न आणखी थेट येतो, कारण ‘कोपा’ तिथला कायदा आहे. मुद्दाम चुकीचे उत्तर दिले, तर निर्माताही अडचणीत येऊ शकतो. २०१९मध्ये प्रत्येक उल्लंघनासाठी दंडाची कमाल मर्यादा ४२,५३० डॉलर होती. दुसरीकडे, शिक्का बसला की नेमून दाखवलेल्या जाहिरातींचे उत्पन्न जाते, म्हणून ‘होय’ म्हणायला निर्माते कचरतात. प्रेक्षक ‘मोठे आणि लहान दोन्ही’ असले तरी सुटका होत नाही. मुले हा त्या प्रेक्षकांचा ठरवून धरलेला भाग असेल, तर यूट्यूब असा व्हिडिओ मुलांसाठीचाच मानते.

पालकांनी या शिक्क्याकडून एक अपेक्षा ठेवू नये. तो व्हिडिओच्या दर्जाची ग्वाही देत नाही. गाणे सुरेल आहे का, गोष्टीतली माहिती खरी आहे का, शब्द बरे आहेत का, हे त्याने तपासलेले नसते. तो मुख्यतः माहिती गोळा करण्यावर लगाम घालतो. त्याचप्रमाणे शिक्का असलेला प्रत्येक व्हिडिओ ‘यूट्यूब किड्स’ ॲपमध्ये असतोच असेही नाही. त्या ॲपची निवड वेगळ्या नियमांनी होते. Save अडलेल्या आजी-आजोबांसाठी साधा उपाय आहे. ब्राउझरमध्ये पानाची खूण ठेवावी किंवा लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावी. लिंक पाठवणे बंद नसते.

आता भारतातही मुलांच्या माहितीचा कायदा आला आहे आणि त्याची रेघ वेगळ्या वयावर ओढलेली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याचे नववे कलम पालकांची पडताळता येईल अशी संमती मागते आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई करते. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दहावीच्या बीजगणिताच्या तासिकेवर Made for kids हा शिक्का बसत नाही, कारण तो तेरा वर्षांखालच्यांच्या हिशेबाने बनला आहे आणि व्हिडिओ पाहून मारला जातो. भारतीय कायदा मात्र विचारणार आहे, की पडद्यापुढे बसलेला विद्यार्थी किती वर्षांचा आहे. व्हिडिओवरच्या शिक्क्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.